रोज रॉडवर घासूनही सुरी बोथटच राहते, असं का?

अनुया_ठाणे
आमच्याकडे एक मोठी सुरी आहे, स्टेनलेस स्टीलची, आठ इंची पात्याची. घेतली तेव्हा पिकलेला टोमॅटो नुसता टेकवला तरी कापायची. तिच्याबरोबर एक खरबरीत लोखंडी रॉड मिळाला होता. रोज स्वयंपाकाआधी मी सुरी त्या रॉडवर दोन्ही बाजूंनी फिरवते. पहिलं वर्ष-दीड वर्ष त्याचा फरक जाणवायचा. आता घासल्यावर दोन कांदे बरे चिरले जातात, तिसऱ्याला पुन्हा तेच. टोमॅटोची साल आत दबते, मिरची चिरडली जाते. जोर लावावा लागतो आणि सुरी घसरते, त्याची मला जास्त भीती वाटते. रॉड झिजला असेल का? नवा घ्यावा की सुरीच बदलावी?

रविकिरण
रॉडने धार लागतच नाही, हा मूळ मुद्दा आहे. सुरीची कड वापरात एका बाजूला वळते, रॉड ती फक्त सरळ करतो, धातू अजिबात काढत नाही. तुम्ही हलक्या हाताने फिरवत असणार. जरा दाबून फिरवा. नाहीतर बाजारात खाचेतून ओढायचं यंत्र मिळतं, तीनदा ओढलं की काम होतं. आमच्याकडे तेच आहे.

टूलरूम
अनुयाताई, सुरी बदलू नका. आधी दोन-तीन गोष्टी बघून सांगा.

सुरी धार वर करून बल्बखाली धरा आणि पात्याच्या रेषेत बघा. चांगली धार दिसतच नाही, कारण प्रकाश परतवायला तिथे जागाच नसते. जिथे पांढरी चमकती रेघ किंवा ठिपका दिसेल तिथे कड चपटी झाली आहे. मग वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापा. कुठे अडते, टोकाशी, मधे की मुठीजवळ? तिसरं म्हणजे, कशावर चिरता? लाकडी पाट, प्लॅस्टिकचा बोर्ड, काच, की थेट ओट्याचा ग्रॅनाइट?

रविकिरण, कड वळते हे तुमचं बरोबर आहे. दाबून फिरवण्याचा सल्ला मात्र मागे घ्या. कडेची जाडी केसापेक्षाही कमी असते, रॉडवर दाबली तर ती सरळ होण्याऐवजी दुसऱ्या बाजूला वळते.

शेवंती
माझ्या मिक्सरच्या भांड्याची पाती बोथट झाली आहेत, चटणी भरडच राहते. कुणी म्हणतं जाडं मीठ फिरवा, कुणी म्हणतं अंड्याची टरफलं. खरंच धार येते का?

टूलरूम
शेवंतीताई, मिठाने पात्याला चिकटलेला थर निघतो, धार येत नाही. मीठ पोलादापेक्षा खूप मऊ असतं. आधी भांड्याखालची कपलिंग झिजली आहे का आणि पातं हाताने हलवल्यावर डुगडुगतं का ते बघा. भरड चटणीचं कारण बरेचदा तिथे सापडतं.

अनुया_ठाणे
बघितलं. मधल्या भागात जवळजवळ अर्ध्या पात्यावर सलग पांढरी रेघ दिसते. टोकाकडे ठिपके आहेत, मुठीजवळ काहीच चमकत नाही. कागद मधे फाटतो, मुठीजवळ सरळ कापला जातो. चिरते प्लॅस्टिकच्या बोर्डवर, पण लिंबू वगैरे स्टीलच्या ताटलीतच कापतो, घरातले सगळेच. सुरी घेतल्यापासून दगडावर कधीच लावलेली नाही.

टूलरूम
मग सगळा उलगडा झाला. रॉडही ठीक असेल आणि तुमचा हातही.

सुरीचं दोन प्रकारे बिघडतं. एक, कड वळते. म्हणजे धातू जागेवर असतो पण एका अंगाला कललेला. हे रोज होतं आणि यावर रॉड चालतो. दोन, कड झिजून गोल होते. म्हणजे धारेचा धातूच गेलेला असतो, आता सरळ करायला काही उरलेलं नसतं. तुमची पांढरी रेघ हीच आहे. तिथे दगडावर दोन्ही बाजूंचा थोडा धातू काढून नवी कड आणावी लागते, त्याला दुसरा इलाज नाही. दोन कांद्यांपुरता जो फरक पडतो तो रॉडच्या खरबरीतपणाचा: गोल झालेल्या कडेवर बारीक ओरखडे उमटतात आणि करवतीसारखे थोडा वेळ पकडतात. मुठीजवळची धार शाबूत आहे कारण तो भाग फारसा वापरात नाही. आणि मधे इतकं झिजण्यामागे ती स्टीलची ताटली मोठं कारण आहे. पोलादावर पोलाद आपटतं तेव्हा कड एका फटक्यात चपटी होते. लिंबालाही बोर्ड घ्या.

आता काय करायचं ते सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात काळा दुहेरी दगड मिळतो, एक बाजू जाड, एक बारीक. तो चालेल. पण थोडे पैसे जास्त घालता येत असतील तर १००० ग्रिटचा पाण्याचा दगड घ्या, ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा. स्वयंपाकघराच्या सुरीला तो एकच पुरतो. ज्या दगडाला आधी तेल लावलं त्यावर नंतर पाणी वापरू नका, पाणी त्यावर टिकत नाही.

दगड पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. काही दगडांना वरून शिंपडलं तरी पुरतं, दगडाबरोबर आलेल्या कागदावर बघा. ओट्यावर ओलं फडकं चार घड्या करून पसरा आणि दगड त्यावर ठेवा. दगड हलला तर हात कापतो, म्हणून हे आधी करा.

कोनासाठी कागदाचा चौकोनी कोपरा कर्णावर एकदा दुमडा, पुन्हा एकदा दुमडा. उरतो तो साडेबावीस अंशांचा कोन. तुमच्या सुरीला एका बाजूला वीसच्या आसपास हवा, म्हणजे या घडीपेक्षा किंचित कमी. पातं पाठीपासून धारेपर्यंत साडेचार सेंटीमीटर असेल तर पाठ दगडापासून दीड सेंटीमीटर वर राहील. सुरुवातीला तेवढ्या उंचीचा लाकडाचा तुकडा शेजारी ठेवा आणि अधूनमधून पाठ त्याला लावून बघा.

मग एकाच बाजूने घासत राहा. डाव्या हाताची दोन बोटं पात्यावर सपाट, धारेपासून थोडी मागे. हातगाडीचा हँडल ढकलावा एवढा जोर नको, दगड चावतोय असा आवाज आला की पुरे. किती वेळ घासायचं याला आकडा नाही, खूण आहे: विरुद्ध बाजूला धारेवर बर, म्हणजे घासताना पलीकडे वळलेला धातूचा बारीक पापुद्रा, उभी राहायला हवी. अंगठा पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या बाहेर असा न्या, नखाला बारीक खरखर लागेल. धारेच्या लांबीने अंगठा कधीही फिरवू नका. बर टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली की त्या बाजूचं काम झालं. त्याआधी बाजू बदलायची नाही. धार न लागण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे, माणूस दहा वेळा इकडे, दहा वेळा तिकडे घासतो आणि कुठलीच बाजू कडेपर्यंत पोचत नाही.

रविकिरण
दाबण्याचं मान्य. पण रॉड धातू काढत नाही यावर मी ठाम आहे. तुम्ही आता ओरखडे म्हणताय, ते वेगळं.

टूलरूम
सुरी रॉडवर फिरवल्यावर रॉड पांढऱ्या कपड्याने पुसा. कपडा करडा होतो, तो सुरीचा धातू आहे. रेघा असलेला रॉड थोडं घासतोच, गुळगुळीत रॉड जवळजवळ नाही, सिरॅमिकचा तर सरळसरळ बारीक दगडच आहे. फक्त तो इतका थोडा धातू काढतो की गोल झालेली कड परत आणायला त्याचा उपयोग नाही.

तुमच्या खाचेच्या यंत्राबद्दलही सांगतो. त्यातली कडक धातूची दोन पाती सुरीला खरवडतात. कापायला लागते हे खरं, पण कड फाटल्यासारखी होते, कोन यंत्र ठरवेल तो, आणि मुठीजवळचा थोडा भाग खाचेत पोचतच नाही. काही वर्षांनी पात्याचा मधला भाग आत जातो आणि बोर्डवर सुरी मधे टेकत नाही. कोथिंबीर चिरल्यावर जुड्या लोंबत राहतात ते यामुळे.

रविकिरण
कोथिंबिरीचं मात्र आमच्याकडे होतं. मला वाटायचं बोर्ड वाकलाय. तरीही मी म्हणेन की ज्याला दगडावर बसायला वेळ नाही त्याला यंत्र बोथट सुरीपेक्षा बरं.

टूलरूम
स्वस्त सुरीला चालेल. अनुयाताईंच्या सुरीला मी लावणार नाही.

ओसाकाकर
इथे एक भर घालतो, कारण भारतात हल्ली जपानी सुऱ्या भेट म्हणून खूप जातात. ओसाकाजवळ साकाई नावाचं शहर सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, आमच्याकडची सुरी तिथली. अशा सुऱ्यांचं पोलाद बरंच कडक असतं, रॉकवेल या कडकपणाच्या मापात साठ आणि वर. तुमच्या नेहमीच्या युरोपीय सुऱ्या छप्पन-अठ्ठावनच्या आसपास. कडक पोलादाची कड वळत नाही, तुटते. त्यामुळे रेघांच्या लोखंडी रॉडवर ती फिरवली तर सरळ होण्याऐवजी बारीक खांडे पडतात. इथे घरोघरी दगडच वापरतात. कोनही कमी, पंधराच्या आसपास. आणि अशा सुरीने गोठलेलं मटण किंवा भोपळ्याचं देठ तोडू नये, तिरकी पिळली की तुकडा उडतो.

माधव_सांगली
एवढं सगळं घरी कशाला? गल्लीत सायकलवाला येतो, पाय मारत चाक फिरवतो, चाळीस-पन्नास रुपयांत सुरी झाली. आमच्या आजीच्या वेळेपासून हेच चाललंय.

टूलरूम
माधवराव, चांगला कारागीर असेल तर अवश्य द्या. फक्त एक बघा. चाक कोरडं असेल आणि ठिणग्यांचा फवारा उडत असेल तर कड क्षणात तापते. पात्याच्या धारेवर पिवळट, मग तपकिरी, मग निळसर पट्टा आला की समजा पोलादाचं पाणी गेलं. तेवढा भाग मऊ झालेला असतो, धार लागते पण आठवडाभरही टिकत नाही. तो निळा भाग पूर्ण घासून काढेपर्यंत दुसरा उपाय नाही. कारागिराला सांगा, मधेमधे पाण्यात बुडवा आणि हलकं धरा. जो मुळात बुडवतो त्याच्याकडेच द्या.

माधव_सांगली
आमचा पाण्याचा डबा सायकललाच बांधून आणतो. निळं मात्र मी एकदा विळीवर पाहिलंय, दुसऱ्याच कुणीतरी करून दिलेल्या. ती विळी पुढे कधीच नीट चालली नाही, आता कारण कळलं.

अनुया_ठाणे
दगड आणला. टूलरूम काका, मधल्या भागात बर लागतच नाही. टोकाकडे आणि मुठीकडे लागली. बराच वेळ घासलं, दगडावर काळं पाणीही भरपूर आलं. म्हणजे धातू निघतोय ना?

टूलरूम
निघतोय, पण चुकीच्या जागेवरून. धारेच्या दोन्ही उतारांवर परमनंट मार्कर फिरवा आणि चार-पाच वेळा घासून बघा. शाई कुठून गेली?

अनुया_ठाणे
वरच्या बाजूची गेली. अगदी कडेजवळ बारीक काळी रेघ राहिली आहे, मधल्या भागात.

टूलरूम
म्हणजे कोन कमी पडतोय. तुम्ही उताराचा खांदा, म्हणजे उतार जिथे पात्याला मिळतो ती वरची कडा, घासताय, दगड कडेला टेकतच नाही. मधे कड सर्वांत जास्त झिजली आहे, म्हणून तिथलं अंतरही जास्त. दोन वाटा आहेत. पाठ थोडी, दोन-तीन मिलिमीटर, वर उचला म्हणजे शाई कडेपर्यंत जाईल आणि बर लवकर येईल. किंवा याच कोनात जास्त वेळ घासत राहा, खांदा खाली येत येत दगड आपोआप कडेला पोचेल. दुसऱ्या वाटेने सुरी पातळ राहते आणि जास्त छान कापते, पण १००० च्या दगडावर वेळ लागतो. काळ्या दुहेरी दगडाची जाड बाजू असेल तर ते काम तिच्यावर करा, मग १००० वर या. पहिल्या वेळी मी पाठ उचला म्हणेन.

ओसाकाकर
मी इथे असहमत आहे. पाठ उचलत गेलं की दर वेळी कोन वाढत जातो आणि काही वर्षांत पाचरीसारखी जाड धार होते. सुरुवातीलाच खांदा उतरवणं चांगलं.

टूलरूम
तुमच्या सुरीला नक्कीच. साध्या स्टेनलेसला, ज्याने घरात नारळाच्या खोबऱ्यापासून सगळं होतं, थोडा जाड कोन जास्त टिकतो. हे ज्याने त्याने आपल्या कामावरून ठरवावं.

मृण्मयी_नाशिक
मला ठेवण्याबद्दल विचारायचं होतं, हाच धागा योग्य वाटला. घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. सुऱ्या चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये असतात, तो आता ड्रॉवर उघडतो. नवरा म्हणतो भिंतीवर चुंबकाची पट्टी लावू. सासूबाई म्हणतात ओट्यावर लाकडी ठोकळा ठेवा. मुलापासून आणि धारेसाठी, दोन्ही दृष्टीने काय बरं?

टूलरूम
मोकळ्या ड्रॉवरमधून आधी काढा. चमच्यांवर आपटून धार जातेच, आणि हात घालणाऱ्याला पातं कुठल्या बाजूला आहे ते दिसत नाही.

चुंबकाच्या पट्टीवर धार कशालाच टेकत नाही म्हणून ती मला आवडते. पण लावायची रीत आहे. सुरीची पाठ आधी टेकवा, मग पातं हळू आडवं होऊ द्या. काढताना उलट, धार आधी सुटेल असं पाठीवर वळवून काढा. थेट सपाट चिकटवली तर चुंबक ओढून घेतो आणि धार आपटते. पट्टी गॅसच्या वर नको आणि जिथून हात जाताना सुरीला धक्का लागेल अशा जागी नको. खाली सुरी पडली तर ती झेलायला हात जाऊ नये, मागे सरका.

रत्नागिरीची_सुमन
आमच्याकडे पावसाळ्यात लाकडी ठोकळ्याच्या खाचांत बुरशी येते, आत पुसताच येत नाही. शिवाय खाच उभी असली की सुरी घालताना-काढताना धार लाकडावर घासते. ठेवायचाच तर पाठ खाली, धार वर अशी ठेवावी. मी ठोकळा काढून टाकला. आता प्रत्येक पात्याला पुठ्ठ्याचं म्यान आहे: पन्हळी खोक्याचा तुकडा पात्यापेक्षा थोडा मोठा, मधे दुमडायचा, टोकाकडची आणि धारेकडची बाजू चिकटपट्टीने पक्की करायची. फुकटात होतं, खराब झालं की नवं. एकच पथ्य, सुरी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय आत घालायची नाही, नाहीतर पुठ्ठा ओल धरतो आणि पात्यावर डाग पडतात.

आमचा कोयता आणि नारळाची सुरी साध्या लोखंडाची आहे, गंजते. कैरी किंवा कोकम कापलं तर लगेच धुऊन पुसायची आणि खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. शेंगदाण्याचं तेल लावलं की काही दिवसांनी चिकट होतं, खोबरेल तसं होत नाही.

मृण्मयी_नाशिक
सुमनताई, पुठ्ठ्याचं म्यान पटलं. म्यानासकट वरच्या कपाटात ठेवते, ड्रॉवर बंदच करते. आमच्या कामाच्या ताई भांडी घासायला येतात, त्यांच्यासाठी काय करावं? सुरी बेसिनमध्येच पडलेली असते.

रत्नागिरीची_सुमन
सुरी बेसिनमध्ये ठेवूच नये. फेसाखाली दिसत नाही आणि ताईंचा हात थेट पात्यावर जातो. ज्याने वापरली त्याने तेव्हाच धुवायची, पाठीकडून धारेकडे पुसायची आणि जागेवर. आमच्याकडे पाहुणे आले तरी हा नियम आहे.

डॉ_मीनल
कापलंच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा आणि दहा मिनिटं मधे उचलून न बघता दाबून ठेवा. हळद भरू नका, जखमेत कण अडकतात आणि टाके घालायचे असतील तर आधी ते धुण्यात वेळ जातो. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झालं असेल तर लगेच दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही आठवून सांगा.

अनुया_ठाणे
पाठ उचलून दोन्ही बाजूंना सलग बर आली. टोमॅटो कापला, अगदी पहिल्यासारखा! पण चार-पाच दिवसांतच पुन्हा अडायला लागली. बल्बखाली पांढरी रेघ नाही, नुसते मधेमधे तुटक ठिपके. एवढ्यात गोल झाली?

टूलरूम
नाही. बर पूर्ण निघाली नव्हती. ती पातळ पापुद्र्यासारखी कडेवर उभी राहते आणि पहिल्या दिवशी खऱ्या धारेपेक्षाही तेज कापते. मग दुमडते किंवा तुटते.

पुन्हा मोठं काम नको. दगड भिजवा, त्याच कोनात एकदा ही बाजू, एकदा ती, असं आठ-दहा वेळा करा. दर वेळी दाब कमी, शेवटी सुरीचं नुसतं वजन. मग दगडावर सपाट पसरलेल्या वर्तमानपत्रावर धार मागे ठेवून, म्हणजे पाठ पुढे, ओढा. कागदावर करड्या रेघा दिसतील. नंतर मऊ कापडावर धार हलकेच ओढून बघा, धागा अडकला तर तिथे बर अजून आहे. ते झालं की तुमचा रॉड पुन्हा कामाचा. दोन दिवसांतून एकदा, प्रत्येक बाजूला चार-पाच वेळा, अगदी हलका. रॉडने फरक पडेनासा झाला की दगड काढा.

घडीविळी
या सगळ्यात विळीचं कुणीच बोललं नाही. माझी आई अजून विळीवरच चिरते. सपाट दगड तिच्या वळणावर बसत नाही. काय करायचं?

टूलरूम
पातं हलवण्याऐवजी दगड हलवायचा. विळी पाटावर घट्ट उभी करा, कुणीतरी पाट धरून ठेवा, आणि छोटा अरुंद दगड ओला करून पात्याच्या वळणाबरोबर फिरवा, हात नेहमी पाठीच्या बाजूला. बर, शाई, सगळ्या खुणा त्याच. कोन किती ठेवावा यावर मी ठाम सांगणार नाही, विळ्या गावागावाच्या लोहाराच्या हाताप्रमाणे वेगळ्या असतात. आधीचा उतार ज्या कोनात आहे तोच धरा.

माधव_सांगली
आमच्या सायकलवाल्याला विचारतो तो विळीला काय करतो ते. तो एकाच बाजूने लावतो असं वाटतं, पुढच्या वेळी आला की बघून लिहितो.